ग्रीन टी कडू होतो : पाणी किती गरम असावे आणि पत्ती किती वेळ ठेवावी?

कोराकप
मी अनेक वर्षे दुधाचा चहा पीत आलो आहे आणि गेल्या महिन्यापासून ग्रीन टी सुरू केला आहे. दुधाचा चहा करताना आधण ठेवून, पत्ती टाकून, चांगली खळखळून उकळी येऊ देण्याची सवय हाताला असल्यामुळे मी ग्रीन टीची पानेही तशीच पाण्यात टाकून साधारण ४ मिनिटे उकळतो. तयार झालेला चहा तपकिरीकडे झुकणारा पिवळा दिसतो, वासाला शिजवलेल्या पालेभाजीसारखा लागतो आणि घशाला इतका तुरट लागतो की अर्धा कप तसाच राहतो. पत्ती सुट्या पानांची आहे आणि मी एका कपाला सपाट एक चमचा घेतो. दुधाच्या चहाला जी उकळी चालते ती इथे का चालत नाही, आणि नेमके किती गरम पाणी, किती वेळ, हे कोणी समजावून सांगेल का? माझ्याकडे तापमापक नाही.

दुसरीवाफ
पाणी उकळते असले तरी काही बिघडत नाही, असा माझा अनुभव आहे. आच बंद करून उकळते पाणी पानांवर ओतावे आणि ३० सेकंदांत गाळून घ्यावे. कडूपणा वेळेमुळे येतो, उष्णतेमुळे नव्हे.

पानओळख
आपल्या म्हणण्यातील अर्धा भाग बरोबर आहे. वेळ कमी केल्याने कडूपणा कमी होतो, यात शंका नाही. परंतु उष्णतेचा संबंध नाही असे म्हणता येणार नाही, कारण पानातील वेगवेगळी द्रव्ये वेगवेगळ्या वेगाने पाण्यात उतरतात. ज्यांच्यामुळे ग्रीन टीला गोडसर, भरीव चव येते ती अमिनो आम्ले कमी गरम पाण्यातही सहज सुटतात. तुरटपणा आणणारी कॅटेचिन्स आणि कडवट कॅफीन मात्र पाणी जितके गरम तितकी भराभर बाहेर येतात. म्हणून उकळत्या पाण्यात ३० सेकंद ठेवलेल्या चहात तुरटपणा पुढे आणि गोडवा मागे, असे होण्याची शक्यता असते; ७५ ते ८० अंश सेल्सियसच्या पाण्यात दोन मिनिटे ठेवलेल्या त्याच पानांत हे प्रमाण पुष्कळ सुधारते. पाने अखंड आणि मोठी असतील तर आपली पद्धत निभावून जाते, पण पिशवीतल्या चुऱ्याला ती सोसत नाही, कारण तिथे सगळे पहिल्याच मिनिटात उतरते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ग्रीन टीची पाने तोडल्यावर लवकरच वाफेवर किंवा तापलेल्या कढईत गरम करतात, त्यामुळे पान काळवंडवणारे विकर निकामी होते आणि कॅटेचिन्स जवळजवळ जशीच्या तशी पानात राहतात. दुधाच्या चहासाठी आपण जी काळी दाणेदार पत्ती वापरतो तिच्यात हीच द्रव्ये आधीच ऑक्सिजनशी संयोग पावून लालसर, अधिक वजनदार द्रव्यांत बदललेली असतात. शिवाय दुधातील केसीन हे प्रथिन तुरट द्रव्यांना धरून ठेवते, म्हणून ती जिभेला टोचत नाहीत. उकळीने जो तुरटपणा बाहेर येतो त्याला दुधाच्या चहात दूध सावरून घेते. ग्रीन टीत सावरणारे कोणीच नसते. आपला तपकिरी रंग आणि भाजीसारखा वास हेही ४ मिनिटांच्या उकळण्याचेच परिणाम आहेत, कारण हिरवे रंगद्रव्य उष्णतेने फिके पिवळट-तपकिरी होते आणि ताजा सुगंध वाफेबरोबर निघून जातो.

तापमापक नसल्यास माप वापरावे. तीन भाग उकळते पाणी आणि एक भाग साधे पाणी एकत्र केल्यास, साधे पाणी २५ अंशांचे धरले तर, मिश्रण साधारण ८१ अंशांचे होते. तीन भाग उकळत्यात दोन भाग साधे मिसळले तर ७० अंश होते. थंड कपही थोडी उष्णता घेतो, तेव्हा २०० मिलीच्या कपासाठी १५० मिली उकळते आणि ५० मिली साधे, इथून सुरुवात करावी. पाने सुमारे २ ग्रॅम असावीत. चमच्याने घेतली तर पानांच्या जाडीनुसार वजन पुष्कळ बदलते, म्हणून शक्य असल्यास एकदा तोलून चमचा कुठवर भरतो ते पाहून ठेवावे. पाने आधी आणि पाणी नंतर, दोन मिनिटे झाकून, मग पूर्णपणे गाळावे. गाळणीत पाने कपातच राहिली, तर चहा पीत असताना तो कडू होत जातो, आणि ही चूक पाण्याच्या उष्णतेइतकीच वारंवार होते.

दुधाळ
माझाही प्रश्न याच संदर्भात आहे. माझा चहा ७-८ मिनिटे उकळूनही फिका लागतो. मी निम्मे दूध, निम्मे पाणी आणि पत्ती एकदमच चढवते. पाणी ८० अंशांवर ठेवले तर तो सुधारेल का?

पानओळख
नाही, कृपया ८० अंशांचा नियम तिकडे नेऊ नये. तो दुधाविना प्यायच्या हिरव्या पानांसाठी आहे. दुधात पत्तीचा अर्क पाण्याइतका सहज उतरत नाही, आणि जो उतरतो त्याचा काही भाग केसीनला चिकटतो. म्हणून आधी फक्त पाणी उकळून त्यात पत्ती टाकावी आणि २ ते ३ मिनिटे उकळू द्यावी. पाण्याला गडद लाल-तपकिरी रंग आला, की दूध घालावे, आणि एक-दोन वेळा उकळी वर आल्यावर उतरवावे. दूध घालण्याआधीच पाणी फिके दिसले तर पत्ती कमी पडली आहे असे समजावे. पुढे उकळत राहून ती उणीव भरून निघत नाही, फक्त वास उडतो आणि दुधाला शिजल्याची चव येते.

कोराकप
सर्वांचे आभार. आज मी ठरवून तीन कप केले. तिन्हींत २०० मिली पाणी आणि २ ग्रॅम पाने होती. पहिल्यात उकळते पाणी ओतून ३० सेकंद, दुसऱ्यात १५० आणि ५० मिलीचे मिश्रण दोन मिनिटे, तिसऱ्यात १२० आणि ८० मिलीचे मिश्रण दोन मिनिटे. पहिला कप माझ्या जुन्या चहापेक्षा पुष्कळ बरा झाला, पण शेवटचा घोट तुरट लागला. दुसऱ्याचा रंग फिकट पिवळसर हिरवा आला आणि घोट गिळल्यावर गोडवा जाणवला. तिसरा मात्र पाण्यासारखा पातळ लागला. दुसऱ्याच कपाची पाने मी पुन्हा वापरली. या वेळी साधे पाणी न मिसळता उकळते पाणी एक मिनिट ठेवले, तरी कडवटपणा आला नाही.

पानओळख
तिसऱ्या कपाला ३ मिनिटे द्यावी, किंवा पाने ३ ग्रॅम करावीत. कमी गरम पाण्याला वेळ अधिक लागतो. दुसऱ्या वाफेत पाने आधीच उमललेली असतात आणि बरेचसे कडू द्रव्य निघून गेलेले असते, म्हणून अधिक गरम पाणी चालले.

दुसरीवाफ
मी आज मिश्रणाची पद्धत करून पाहिली. गोडवा मान्य आहे, पण मला तो चहा पुरेसा गरम वाटला नाही. कप आधी उकळत्या पाण्याने विसळून घेतला तर मिश्रणात साधे पाणी थोडे वाढवावे लागेल का?

पानओळख
तत्त्वतः होय, कारण तापलेला कप उष्णता कमी घेईल. तरी किती वाढवायचे हे कपाच्या जाडीवर आणि खोलीतील पाण्यावर अवलंबून आहे, तेव्हा एक चमचा वाढवून चव पाहणे बरे. प्यायला गरम हवा असेल तर पाणी अधिक गरम करण्याऐवजी विसळलेला कप वापरून झाकण घट्ट ठेवावे.