समुद्राजवळच्या घराला स्लॅबचं कव्हर ४५ मिमी खरंच लागतं का?

सुरूबन: गुहागरजवळ घर बांधतोय. किनारा हाकेच्या अंतरावर, मध्ये फक्त सुरूची झाडं. इंजिनिअरने स्लॅब १५० मिमी जाड आणि सळईखाली ४५ मिमी कव्हर दिलंय. ठेकेदार म्हणतो, "इकडे सगळे १२५चा स्लॅब आणि २०चं कव्हर करतात. हट्टच असेल तर ४५चे ब्लॉक लावतो, जाडी मात्र १२५च." पुढच्या आठवड्यात सेंटरिंग आहे. कोणाचं ऐकू?

बंड्या_रेवदंडा: एवढं कशाला? खालून २० मिमी गिलावा येतोच. वीस नि वीस चाळीस झाले की!

खडीवाळू: गिलावा कव्हरमध्ये धरत नाहीत हो. तो काँक्रीटइतका घट्ट नसतो, खारा दमटपणा त्यातून आरामात जातो.

सिमेंटमधल्या अल्कलीमुळे सळईवर एक पातळ थर बसतो, तोच तिला गंजू देत नाही. हवेतलं मीठ ओलाव्याबरोबर झिरपत तिथवर पोचलं की तो थर जागोजागी फुटतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट नाहीतर त्याहूनही जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फाटतं. सळईच्या रेषेत सरळ तडा दिसला की ओळखायचं. कव्हर दुप्पट केलं तर मीठ पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. थोड्या मिलिमीटरसाठी भांडायचं ते म्हणून. अर्थात काँक्रीट पोकळ राहिलं किंवा नीट पाणी मारलं नाही, तर ४५चाही उपयोग नाही.

ठेकेदाराची तडजोड मात्र सगळ्यात वाईट. १० मिमीची सळई धरा. १२५च्या स्लॅबमध्ये २० कव्हर ठेवलं तर वरच्या पृष्ठापासून सळईच्या मध्यापर्यंत १०० मिमी उरतात. त्याच जाडीत ४५ ठेवलं तर ७५च. स्लॅबची ताकद या अंतरावर असते, म्हणजे पाव भाग गेला. १५० केल्यावर परत १०० मिळतात. तुमच्या इंजिनिअरने तेच केलंय.

माई_ठाणे: आमच्या बिल्डिंगमध्ये संडासाखालच्या स्लॅबचे पोपडे पडतात. खाडीच्या वाऱ्यानेच ना?

खडीवाळू: माई, ती बहुतेक वरची गळती असेल. आधी प्लंबर बोलवा.

सुरूबन: मग आतल्या खोल्यांनाही ४५च का? तिथे तर वारा कमी.

खडीवाळू: आयएस ४५६ प्रमाणे किनाऱ्याच्या हवेत उघड्या काँक्रीटला ४५ आणि किमान एम-३०. आडोशातल्याला ३० चालतं. पण कोकणात खिडक्या कधी बंद असतात? मी सगळीकडे ४५ घेतो.

साइटवाला: मी आत ३० घेतो, गॅलरी-छज्जाला ४५. सरसकट ४५ म्हणजे स्लॅबचं वजन आणि खर्च उगाच वाढतो.

खडीवाळू: यावर आपलं जमणार नाही :) सुरूबन, बीमचं कव्हर रिंगपासून मोजा, मुख्य सळईपासून नाही. बाइंडिंग तारेची टोकं आत वळवून घ्या. सळईखाली काय ठेवतात तेही बघा.

सुरूबन: खडीचे तुकडे ठेवलेत.

खडीवाळू: काढायला लावा. सिमेंटचेच ब्लॉक हवेत, स्लॅबच्याच ग्रेडचे.