पंचमातला गुरू म्हणून स्थळ नाकारावं का?

लातूरकर_मामा
भाच्यासाठी उदगीरकडचं स्थळ आलंय. मुलगी सगळ्यांना पसंत आहे, पण आमच्या गुरुजींनी पत्रिका बघितली आणि "कारको भावनाशाय, पंचमात गुरू, संततीला त्रास" म्हणून ताईला धास्तावून सोडलं. मुलीचा जन्म 20 फेब्रुवारी 1998, रात्री पावणेअकरा. तूळ लग्न. जाणकारांनी सांगावं, आणि परभणी-नांदेडकडे नीट बघणारं कुणी असेल तर तेही.

गोदाकाठ
गुरुजी बरोबर बोलले. गुरू बसतो तिथं नासवतो, बघतो तिथं भलं करतो. दुसरं स्थळ बघा.

अंबाजोगाईची_लेक
माझ्या सप्तमात शुक्र आहे. लग्नाआधी मलाही हेच ऐकवलं होतं. संसार चाललाय, भांडणं सगळ्यांच्या घरी होतात तेवढीच. मामा, मुलीचा आत्मकारक कोणता आहे?

जुना_पंचांगवाला
ताई, आत्मकारक अंशांवरून निघतो, तो विषय वेगळा. इथं पुत्रकारक गुरूबद्दल चाललंय.

गोदाकाठ, नुसत्या गुरूवर निकाल लावायचा तर वृश्चिक लग्नाला मीनेचा गुरू पाचव्यात स्वगृही असतो, तिथं काय म्हणाल? आणि आयुष्याचा कारक शनी आठव्यात असला तर सगळे दीर्घायुष्य सांगतात.

आता या सूत्रामागचं कारण. संतती बघताना पंचम स्थान, पंचमेश आणि गुरू अशा तीन ठिकाणी चौकशी करतात. एक बिघडलं तर दुसरं सावरतं. गुरू स्वतःच पाचव्यात बसला की दोन साक्षीदार एकाच खोलीत कोंडले जातात; तिथं पापग्रह शिरला की दोघांनाही एकदमच झळ लागते. खोली स्वच्छ असेल तर फारसं बिघडत नाही.

या पत्रिकेत ती स्वच्छ नाही. कुंभेत गुरूबरोबर रवी, बुध, मंगळ आणि केतू आहेत. रवी गुरूपासून जेमतेम दोन-तीन अंशांवर, म्हणजे गुरू अस्तंगत. गुरूपासून पाचवी रास मिथुन, तिचा स्वामी बुध, तोही तिथंच रवीजवळ. तिसरा साक्षीदार पंचमेश शनी, तो सहाव्यात मीनेत. पण मीन गुरूची आणि कुंभ शनीची, म्हणजे दोघांचं परिवर्तन झालंय. गुरुजींनी हे बघितलं का ते विचारा.

गोदाकाठ
सहाव्याशी परिवर्तन चांगलं कसं म्हणता?

जुना_पंचांगवाला
चांगलं म्हणतच नाही. उशीर आणि औषधोपचार मलाही दिसतात. संतती नाहीच, असं मी लिहून देणार नाही. माझे गुरू अशा परिवर्तनाला फार मान द्यायचे, मी थोडा कमी देतो.

मामा, भाच्याची पत्रिका टाका, एकट्या मुलीवरून हे ठरत नाही. वेळही तपासा. दवाखान्यात पाव-अर्ध्या तासाच्या हिशेबानं लिहिलेली असेल तर सप्तमांशाचं लग्न बदलेल, ते साधारण सतरा-अठरा मिनिटांत सरकतं.

लातूरकर_मामा
वेळ आजीच्या आठवणीतली आहे, "जेवणं झाल्यावर" एवढंच. दाखला मागवतो.

अंबाजोगाईची_लेक
मग पावणेअकरा कुणी ठरवलं?

लातूरकर_मामा
गुरुजींनीच.