मदत हवी आहे: सिग्नलला थांबलं की चष्मा पांढरा, हेल्मेट बदलू का?

सिग्नलवरची_चष्मिश
नमस्कार मंडळी. मनीषनगरहून हिंगणा एमआयडीसीला रोज स्कूटरने जाते, एका बाजूने १२-१३ किलोमीटर. सकाळी पावणेसातला निघते. डिसेंबर लागल्यापासून एकच ताप: गाडी चालू असेपर्यंत ठीक, पण छत्रपती चौकात सिग्नलला थांबले की तीन-चार श्वासांत चष्मा पांढरा. मागचा हॉर्न मारतो तेव्हा कळतं की हिरवा लागलाय. परवा हिंगणा टी-पॉइंटला सायकलवरचे एक आजोबा मला दिसलेच नाहीत, त्यांनीच ब्रेक मारला. तेव्हापासून धास्ती बसलीय.

नंबर उणे साडेचार, त्यामुळे चष्मा काढून चालवायचा प्रश्नच नाही. हेल्मेट फुल फेस, आयएसआयचं, दीड वर्षापूर्वी घेतलेलं. दुसरं दुखणं कानाच्या वर. ऑफिसात हेल्मेट काढलं की काडीचा वळ उमटलेला असतो आणि अकरापर्यंत डोकं ठणकतं. बजेट ३००० पर्यंत. हेल्मेट बदलू, काच बदलू की सरळ कॉन्टॅक्ट लेन्स लावू?

बुटीबोरी_अपडाउन
ताई, काई टेन्शन घेऊ नका. पिनलॉक लावून टाका. मी तीन हिवाळ्यापासून वापरून राहिलो, काचेवर एक थेंब नाई. अन् काडी टोचते तर एक साइज मोठं हेल्मेट घ्या, विषय संपला.

रात्रपाळी
धुक्यासाठी पिवळी काच घेऊ नका, मी घेऊन पस्तावलोय. वर्धा रोडवर रात्री समोरचे हेडलाइट कमी टोचतील म्हणून लावली, तर रस्त्यावरचे खड्डे आणि काळी गुरं दिसेनाशी झाली. आता परत साधी पारदर्शक काच.

सिग्नलवरची_चष्मिश
दादा, धुकं रस्त्यावर नाही हो, माझ्या चष्म्यावर आहे. पण काळ्या गुरांचं लक्षात ठेवते.

धरमपेठचा_चष्मेवाला
पैसे खर्च करायच्या आधी दोन गोष्टी सांगा. पहिली, धुकं नेमकं कशावर धरतं? सिग्नलला थांबून पांढरं झालं की हेल्मेटची काच पूर्ण वर करा. लगेच स्वच्छ दिसलं तर दोष हेल्मेटच्या काचेचा. पांढरं तसंच राहिलं तर चष्म्याचा. दुसरी, हेल्मेटच्या आत स्कार्फ बांधता का?

सिग्नलवरची_चष्मिश
आज करून पाहिलं. काच वर केली तरी पांढरं तसंच, आणि सुरुवात नाकाजवळून, खालच्या कडेने होते. स्कार्फ तर नागपुरात कोण बांधत नाही काका? उन्हाळ्यात उन्हासाठी, हिवाळ्यात गारठ्यासाठी. नाकावरून घेऊन मागे गाठ. हे लिहायचं असतं हे सुचलंच नाही.

धरमपेठचा_चष्मेवाला
मग तुमची दोन्ही दुखणी त्या स्कार्फातच आहेत असं मला वाटतं.

नाकावर कापडाची दोन-तीन पदरं आली की श्वासाला समोरून वाट नसते. नाकाच्या दोन्ही बाजूंना कापड आणि गाल यांच्यात फट राहते, तिथून तो वर जातो आणि थेट चष्म्याच्या आतल्या बाजूला लागतो. म्हणून सुरुवात खालच्या कडेने. कोरोनात मास्क लावून चष्मा घातलेला आठवा, तोच प्रकार. थंड हवेतून आल्यामुळे भिंगं गार झालेली असतात आणि श्वास असतो गरम, ओला. गाडी चालू असताना वारा तो ओलावा उडवून नेतो, थांबलात की नेणारं कोणी नाही.

पिनलॉकबद्दल बुटीबोरीवाल्या भाऊंचं अर्धं खरं. ते हेल्मेटच्या काचेला आतून लागणारं दुसरं पातळ पान. मधे हवा अडकते म्हणून आतली बाजू गार पडत नाही. पण ते काच वाचवतं, चष्मा नाही. शिवाय त्यासाठी काचेला खुंट्या असलेलंच हेल्मेट लागतं.

आणि एक साइज मोठं अजिबात घेऊ नका. सैल हेल्मेट पडल्यावर डोक्यावरून फिरतं. घट्टपणा हेल्मेटचा नाहीच, स्कार्फाचा आहे. काडीवरून कापडाची घडी जाते आणि सगळा दाब त्या एका रेषेवर येतो.

उद्या इतकंच करा. स्कार्फ कानावरून न घेता गळ्याला आणि हनुवटीपर्यंत ठेवा, नाक-तोंड मोकळं. हेल्मेटच्या हनुवटीवरची हवेची खिडकी उघडी आहे का पाहा, थंडीत लोक ती बंद करतात आणि मार्चपर्यंत विसरतात. आधी हेल्मेट, मग काच वर करून चष्मा सरळ आत सरकवायचा. काढताना आधी चष्मा. सिग्नल जवळ आला की काच एक टिचकी वर.

बुटीबोरी_अपडाउन
अस्सं होय. मी चष्मा लावतच नाई ना, म्हणून मले वाटलं काचेचंच असन.

अनघा_त्रिमूर्तीनगर
काका, माझंही सांगते. प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. हेल्मेट घातलं की लांबचं अंधुक, काढलं की स्वच्छ. नंबर दोनदा तपासला, बरोबर आहे.

धरमपेठचा_चष्मेवाला
गालाच्या गाद्या फ्रेमला खालून वर ढकलत असतील. प्रोग्रेसिव्हमध्ये लांबचा नंबर वरच्या भागात असतो. फ्रेम तीन-चार मिलिमीटर वर गेली तरी तुम्ही मधल्या भागातून रस्ता पाहता. आरशासमोर हेल्मेट घालून बघा, फ्रेम वर सरकते का. सरकत असेल तर गाडीसाठी फक्त लांबच्या नंबरचा, लहान फ्रेमचा वेगळा चष्मा करा. मीटर थोडं अंधुक दिसेल, चालतं.

सिग्नलवरची_चष्मिश
चार दिवसांनी सांगते. स्कार्फ खाली घेतला आणि चष्म्यावरचं पांढरं जवळजवळ गेलं. खिडकी खरंच बंद होती, वर धूळ बसून घट्ट झालेली, टूथपिकने साफ केली. आता लांबलचक सिग्नलला हेल्मेटच्या काचेवर थोडं येतं, टिचकी वर केली की जातं. वळ निम्मा झालाय. डोकं अजून थोडं दुखतं. पण नाक इतकं गारठतं की ऑफिसात पोचल्यावर पंधरा मिनिटं बोलता येत नाही! आणि आईचं वेगळंच, "धूळ जाईल नाकात."

धरमपेठचा_चष्मेवाला
थंडीसाठी पातळ, डोक्यावर चढवायची एकसंध टोपी येते, ती नाकाच्या खाली ठेवा. धुळीसाठी स्कार्फच हवा असेल तर नाकावरच्या कडेला मास्कमधली तार आतून शिवून घ्या. श्वास वर कमी जातो, पण जातोच.

उरलेलं डोकं फ्रेममुळे असेल. काडी जाड प्लास्टिकची असेल तर पातळ, सरळ, कानामागे कमी वळलेली धातूची काडी घ्या. नवं हेल्मेट घ्यायचं ठरलंच तर दुकानात स्वतःचा चष्मा लावून पंधरा-वीस मिनिटं घालून बसा. गाद्यांमध्ये काडीसाठी खाच असते काहींत, गाद्या काढून बघा. आतलं थर्माकोल कोरून जागा करायची मात्र नाही.

मुलाच्या_मागे_बसणारा
भिंगाला टूथपेस्ट लावली की धुकं धरत नाही असं व्हिडिओत पाहिलं.

धरमपेठचा_चष्मेवाला
टूथपेस्टने कोटिंग घासलं जातं, आठवड्याला अशी दोन भिंगं येतात माझ्याकडे. साध्या हातधुण्याच्या लिक्विडचा छोटा थेंब बोटाने दोन्ही बाजूंना चोळा, वाळू द्या, मग मऊ सुती कापडाने दिसेनासा होईपर्यंत पुसा. एखादा दिवस टिकतो. दमट सकाळी त्याचंही काही चालत नाही.

सिग्नलवरची_चष्मिश
माझी काडी जाड प्लास्टिकचीच आहे, निघाली. आणि समोरून उघडणारं हेल्मेट कसं असतं? चष्म्यासाठी सोपं म्हणतात, पण वजन जास्त. कोणी रोज वापरतं का, मान दुखते का?