मदत हवी आहे: आवाहनात खातं कुणाचं द्यावं?

आमच्या ट्रस्टला एका मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी आवाहन टाकायचंय. मजकूर असा:

"वय ४ वर्षं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतःच छिद्र. रुग्णालयाचं अंदाजपत्रक ३,२०,००० रुपये. ट्रस्टचे १,००,००० आणि पालकांचे ४०,००० धरून १,८०,००० कमी पडतात."

अंदाजपत्रकावर सही-शिक्का आहे. तरी आमच्या माणसाने बिलिंग काउंटरवर जाऊन नोंदणी क्रमांक जुळवून घेतला, कारण कागद खोटेही निघतात.

अडलंय ते खात्यावर. थेट रुग्णालयाच्या खात्यात नोंदणी क्रमांक लिहून पैसे भरले की देणारा निर्धास्त, पण मग ८०जीची पावती आम्हाला देता येत नाही. ट्रस्टचा क्यूआर दिला तर पावती मिळते, मात्र पोस्टरवर दुसराच कोड चिकटवून फिरवणारे असतात. म्हणून "स्कॅन केल्यावर ट्रस्टचंच नाव दिसलं तरच पैसे पाठवा" असं ठळक टाकणार आहोत.

दोन्ही मार्ग दिले तर जमलेल्या रकमेचा हिशेब रोज कसा जुळवता? आणि रक्कम जास्त जमली तर ती कुठे वापरणार, हे आधीच लिहावं का? मुलीचा चेहरा दाखवायचा नाही, हे ठरलंय.