अनुभव धागा: नाट्यगृह ऐनवेळी बंद झाले, तेव्हा तिकिटांचे काय केलेत?

धागाकर्ती: छताचे काम निघाल्याने नाट्यगृहाने आमच्या हौशी संस्थेची रविवारची तारीख काल रद्द केली. पैसे परत करावेत, नवी तारीख द्यावी की रक्कम पुढच्या प्रयोगासाठी जमा ठेवावी? कोणी काय केले, ते कृपया लिहावे.

नाट्यव्यवस्थापक: आमच्या वेळी ६४० तिकिटे गेली होती, त्यांतली ४१० ऑनलाइन आणि २३० खिडकीवर. पहिली चूक अशी झाली, की कलाकारांच्या तारखा जुळण्याआधीच आम्ही 'प्रयोग पुढे ढकलला आहे' असे जाहीर केले. त्यामुळे पोर्टलने परतावा रोखून धरला आणि तीन आठवडे लोकांच्या हाती ना पैसे, ना तारीख. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की नव्या नाट्यगृहाची पावती हातात नसेल, तर प्रयोग सरळ रद्द करावा. पोर्टलकडून आगाऊ उचल घेतली नसेल, तर विक्रीची रक्कम बहुधा प्रयोगानंतरच आपल्याकडे येते, म्हणून आधी परतावा देणे सोपे जाते. उचल घेतली असेल, तर मात्र तीच रक्कम नेपथ्यात आणि जाहिरातीत गेलेली असते. नवी तारीख मिळाली, तरी दुसऱ्या नाट्यगृहाचा प्लॅन वेगळा असतो. आमच्याकडे पुढच्या रांगांतल्या ३८ जणांना तशी जागा देता येईना. त्यांना विचारत न बसता पैसे परत केले.

एक प्रेक्षक: तिकिटावर 'पैसे परत मिळणार नाहीत' असे छापलेले असते. मग हा प्रश्नच कुठे उरतो?

नाट्यव्यवस्थापक: ती अट प्रेक्षक स्वतः आला नाही, तर लागू पडते. प्रयोगच झाला नाही, तर तिच्या आड लपता येत नाही. ग्राहक आयोगापुढे ती टिकेल असे मला वाटत नाही.

साताऱ्याची वाचक: मला ताप आल्याने प्रयोगाला जाता आले नाही, तरी पैसे मिळाले नाहीत. तो अनुभव इथे चालेल का?

धागाकर्ती: तो प्रश्न वेगळा आहे. इथे प्रयोगच होणार नाही.

संगीत मंडळाचे कार्यकर्ते: रक्कम जमा ठेवण्याचा पर्याय आमच्याकडे फक्त वार्षिक सभासदांनी स्वीकारला, कारण त्यांना पुढची मैफल ठाऊक होती. एकदाच येणाऱ्यांना तो दिल्यावर फोन सुरू झाले. जमा रकमेला मुदत घालावी की नाही, यावर कार्यकारिणीत अजून एकमत नाही.

मुलुंडची वाचक: पोर्टलचे सुविधा शुल्क मात्र मला परत मिळाले नाही. ते कोणी सोसावे?

नाट्यव्यवस्थापक: आम्ही एकदा स्वतः सोसले, एकदा नाही, याचे ठाम उत्तर माझ्याकडे नाही. खरी पंचाईत खिडकीवरच्या २३० जणांची झाली, कारण प्लॅनवर फक्त पेन्सिलीच्या फुल्या होत्या, फोन नंबर एकही नव्हता. ठरलेल्या वेळी बंद दारापाशी मी गल्ल्याची पेटी घेऊन बसलो आणि तिकिटाचा अर्धा भाग फाडून घेत पैसे देत गेलो. त्या रात्री १७१ जण आले. उरलेल्यांची रक्कम अजून वेगळ्या पाकिटात आहे.