मदत हवी आहे: पॅनलचं तापमान हिशोबात १११, मोजलं तर ६८

पत्र्यावरचा (सेलू, जि. परभणी): घराच्या पत्र्यावर पॅनल आहेत. मे महिन्यात दुपारी हवा ४२ अंश, ऊन दर चौरस मीटरला ९५० वॅट. त्यातलं ९० टक्के शोषलं म्हणजे ८५५. वीज १७ टक्के, म्हणजे १६१. उरले ६९४ वॅट. वारं पडलेलं होतं, म्हणून हवेकडे दर अंशाला १० वॅट जातात असं धरलं. ४२ मध्ये ६९ मिळवले की १११! पण पाठीला चिकटवलेला सेन्सर ६८ दाखवतो. चूक कुठं आहे?

मोंढा_लातूर: एवढं कशाला? पॅनलच्या कागदावर ४५ अंशाचा आकडा असतो. त्यातून २० वजा करा, ८००ने भागा, उन्हाने गुणा. ३० येतात, म्हणजे ७२. झालं.

जुना_मास्तर: अंदाजाला ठीक, पण तो आकडा मोकळ्या मांडणीचा, मंद वाऱ्याचा आणि वीज न घेतलेल्या पॅनलचा असतो. पत्र्याजवळ तो फसतो.
सेलूकर, तुम्ही किरणोत्सर्ग धरलाच नाही. मे महिन्यातलं कोरडं आकाश हवेपेक्षा वीसेक अंश थंड धरा. ६८ अंशाची काच एकटी त्याच्याकडे ३०० वॅट फेकते. खाली पत्रा ६० अंश असेल तर पाठीकडून आणखी ६०. उरले ३३०, ते २६ अंशांच्या फरकावर दोन्ही बाजूंची हवा नेते. म्हणजे दर अंशाला साधारण १३. वारं पडलेलं असताना हे पटण्यासारखं आहे.

बोअरवाला: आमचे पॅनलबी लय तापतात. दुपारी बोअरचं पाणी मारलं तर चालंल का?

जुना_मास्तर: भाऊ, नको. क्षाराचं पाणी वाळलं की पांढरा थर बसतो, तो निघता निघत नाही. धुवायचंच तर पहाटे, काच गार असताना.

पत्र्यावरचा: मास्तर, आकाश माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एक विचारतो. काल लाइट गेली, इन्व्हर्टर बंद झाला, आणि पाच मिनिटांत ६८चे ७१ झाले. ऊन तेच, वारं तेच.

जुना_मास्तर: बरोबर आहे. जे १६१ वॅट तारेतून जात होते ते आता पॅनलमध्येच राहिले. ६८च्या आसपास पॅनल एक अंश वाढलं की सगळ्या वाटांनी मिळून २९ वॅट जादा बाहेर जातात, म्हणून शेवटी साडेपाच अंश वाढले असते. पण काच जड, निम्म्याच्या पुढं यायलाच पाच मिनिटं लागतात.

पत्र्यावरचा: आज पॅनलखालचा पत्रा मोजला. ६० नाही, ६६ निघाला. मग पाठीकडून जेमतेम १६ वॅट जातात. राहिलेले ४४ कुठं गेले?

मोंढा_लातूर: सेन्सरवर काय झाकलंय? उघडा असेल तर तोच दोन-तीन अंश कमी दाखवत असंल.

पत्र्यावरचा: नुसती टेप आहे. उद्या वरून थर्माकोलचा तुकडा लावून परत मोजतो.