मदत हवी आहे: तुकोबांचा अभंग कविता म्हणून शिकवताना

सदाशिव पेठेत आम्ही दहा-बाराजण दर रविवारी जुनी कविता वाचतो. या रविवारी 'कन्या सासुर्‍यासि जाये' घेतला आणि गाडी अडली.

मी संबोधनावर बोट ठेवलं. पहिल्या ओळीत सासरी निघालेली मुलगी मागे वळून पाहते, तिथे कुणालाच हाक नाही. मग एकदम 'केव्हां भेटसी केशवा', म्हणजे थेट 'तू'. पुढे आईला चुकलेलं बाळ, पाण्याबाहेरची मासोळी, आणि शेवटी 'तैसा तुका म्हणे तळमळी'. 'माझ्या जिवा' म्हणणारा कवी इथे स्वतःकडेच तिर्‍हाइतासारखा बघतो. शिवाय मुलीचा विरह सोसण्यासारखा, मासोळीचा जीवघेणा. तीव्रता चढत जाते.

गटातल्या एक वारकरी काकू म्हणाल्या, "अहो, ती नाममुद्रा. सगळ्याच अभंगांत असते. आणि पंढरपूर हे माहेर, हे ठाऊक नसेल तर मुलगी का वळते ते कळणार कसं?"

माहेराचं त्यांचं पटलं. पण नाममुद्रा रूढ आहे म्हणून तिचा इथला परिणाम सोडून द्यायचा का? कॉलेजात किंवा कीर्तनात हा अभंग मांडणार्‍यांनी सांगावं: आधी गाऊन घेता की आधी अर्थ लावता?